पंखा रिमोटचं ऐकत नाही: सेल, रिसिव्हर आणि मधली भानगड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगावात माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. उन्हाळा सुरू झाला की खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी अशा चारी दिशांनी लोक रिमोट खिशात घालून येतात आणि पंखा घरीच ठेवून येतात. दोष कशात आहे हे ठरण्याआधीच रिमोट बदलायची तयारी झालेली असते. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून काढली आहेत.

नवे सेल घातले, तरी पंखा ऐकत नाही. आता रिमोट बदलू का?

थांबा. आधी दोष रिमोटच्या बाजूला आहे की पंख्याच्या, एवढंच ठरवा. त्यासाठी मोबाइल पुरतो.

कॅमेरा सुरू करा, सेल्फीचा घेतला तर बरं. रिमोटच्या पुढच्या टोकाचा छोटा बल्ब कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर रिमोट प्रकाश फेकतोय. हा अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर बऱ्याच फोनमध्ये तो अडवणारी काच असते, म्हणून तिथे काही दिसलं नाही तर लगेच रिमोटला दोष देऊ नका. आधी टीव्हीच्या चालू रिमोटवर तोच कॅमेरा तपासून घ्या.

ठिपका दिसला तर रिमोट बाजूला ठेवा आणि पंख्याकडे वळा. नाही दिसला तर पुढचे दोन-तीन प्रश्न तुमच्यासाठी आहेत. फक्त एक अपवाद: काही रिमोटला पुढे बल्बच नसतो. ते रेडिओ लहरींवर चालतात आणि दुसऱ्या खोलीतूनही पंखा फिरवतात. त्यांना ही परीक्षा लागू नाही.

शेजाऱ्याकडे त्याच कंपनीचा तोच पंखा असेल, तर त्याचा रिमोट पाच मिनिटं मागून आणा. यापेक्षा सरळ परीक्षा नाही.

सेल कालच घातलेत. ते खराब कसे असतील?

"मिस्त्री, सेल नवेच हायत की वो," हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकतो. खूपदा ते खरंही असतं. पण नवा म्हणजे भरलेला असं नाही. दुकानाच्या काचेवर उन्हात वर्षभर टांगलेल्या पाकिटातला सेल आज विकत घेतला म्हणून ताजा होत नाही.

पेन्सिल सेलपेक्षा बारीक, करंगळीएवढे दोन सेल बहुतेक पंख्यांच्या रिमोटला लागतात. प्रत्येकी दीड व्होल्ट, मिळून तीन. मीटर लावून नुसते मोजले तर थकलेला सेलही १.४ दाखवतो आणि माणूस फसतो. रिमोटचा बल्ब प्रकाश फेकतो तेव्हा क्षणभर बराच करंट ओढतो, आणि थकलेला सेल तिथेच मान टाकतो. म्हणून सेल रिमोटमध्येच असताना दोन्ही टोकांना मीटरच्या काड्या लावा आणि बटण दाबून धरा. आकडा ३ च्या आसपास राहिला, थोडाच हलला, तर सेल ठीक. बटण दाबताच अडीचच्या खाली घसरला, तर सेल फेकून द्या, मग ते कालचे असोत की आजचे.

एक जुना, एक नवा अशी जोडी करू नका. जुना सेल नव्याची ताकद खातो आणि शेवटी स्वतः फुटून रिमोट खराब करतो. चार्ज होणारे सेल चालतात, पण ते १.२ व्होल्टचे असतात. जोडी २.४ वर जाते आणि पल्ला कमी होतो. बेडवरून पंखा ऐकत नाही, खाली उभं राहिलं की ऐकतो, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशी आली आहे. रिमोट गेला का?

बहुधा नाही. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं, तिथे रिमोट भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला असेल तर हे हमखास. ती बुरशी नसतेच, सेलमधून गळलेला रस असतो. सेल काढा, कापसाची काडी व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून स्प्रिंग आणि पत्र्या पुसा, मग ओल्या कापडाने रस पुसून घ्या आणि दिवसभर उन्हात नव्हे, सावलीत वाळवा. पत्री काळी पडली असेल तर पॉलिश पेपरने हलकी घासा. स्प्रिंग गंजून तुटलीच असेल तर जुन्या रिमोटची काढून सोल्डर करता येते. दहा मिनिटांचं काम.

एकच बटण चालत नाही, बाकी चालतात.

तो रिमोटचाच दोष. बटणाच्या रबराखाली काळा ठिपका असतो, तो झिजतो किंवा त्यावर तेलकट थर बसतो. रिमोट उघडून तो आणि खालची छापील पट्टी स्पिरिटने पुसा. उलटा प्रकारही होतो: एखादं बटण दाबलेलं अडकून बसतं, रिमोट सतत प्रकाश फेकत राहतो, बाकी बटणं ऐकू येत नाहीत आणि सेल चार दिवसांत संपतात. बटण न दाबता कॅमेऱ्यात ठिपका लुकलुकताना दिसला तर हेच समजा. देवघराजवळ ठेवलेल्या रिमोटमध्ये साखर आणि कुंकू सापडलेलं मी पाहिलं आहे.

कॅमेऱ्यात ठिपका दिसतो, पण पंखा बहिरा आहे.

आता कान वापरा. बहुतेक पंखे बोर्डावरचं बटण चालू केलं की एकदा "बीप" म्हणतात आणि रिमोटची आज्ञा मिळाली की पुन्हा "बीप" म्हणतात. या दोन आवाजांवरून निम्मं निदान होतं.

बटण चालू केल्यावर बीपच नाही आणि पंखाही हलत नाही, तर रिमोटची आज्ञा घेणाऱ्या पंख्यातल्या रिसिव्हरपर्यंत वीजच पोहोचत नाही, किंवा त्याचा वीज देणारा भाग गेला आहे. चालू करताना बीप येते, पंखा शेवटच्या वेगाने फिरू लागतो, पण रिमोट दाबला की गप्प: रिमोटचा प्रकाश टिपणारा रिसिव्हरचा डोळा आंधळा झाला आहे, झाकला गेला आहे किंवा त्याची तार सुटली आहे. रिमोट दाबल्यावर बीप येते पण वेग बदलत नाही: डोळा, रिमोट, सेल सगळं ठीक आहे, पुढचं बिघडलं आहे, आणि रिमोटवर एक रुपयाही खर्च करू नका.

तिन्ही प्रकारांत आधी एक साधी गोष्ट करा. बोर्डावरचं बटण बंद करा आणि एक मिनिट थांबून चालू करा. करंट गेला-आला की आतली चिप कधीकधी अडकते. लगेच चालू केलं तर आतल्या कंडेन्सरमध्ये साठा शिल्लक असतो आणि ती अडकलेलीच राहते, म्हणून मिनिटभर.

डोळा कुठे असतो आणि तो कसा झाकला जातो?

कमी वॅटच्या नव्या पंख्यांत, म्हणजे चुंबकाचा मोटर असलेल्या बीएलडीसी पंख्यांत, तो बहुधा मोटरच्या खालच्या टोपीत किंवा रॉडखालच्या कपात असतो. जुन्या पंख्याला बाहेरून रिमोटचा संच बसवला असेल, तर रिसिव्हर छताजवळच्या कपात किंवा बोर्डात असतो आणि डोळा वेगळ्या तारेवर बाहेर काढलेला असतो. डोळा म्हणजे काळसर, मसुरीएवढा दाणा.

दिवाळीच्या रंगकामात पंख्याला वर्तमानपत्र बांधतात आणि डोळा उघडाच राहतो. रंगाचा एक शिंतोडा पुरतो. गावाकडच्या घरात कुंभारीण माशी कपात मातीचं घर बांधते आणि तेही बरोबर डोळ्यावर. स्टुलावर चढून बॅटरीचा उजेड टाकून एकदा बघा. हे बघायला मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करणं पुरेसं आहे, काही उघडायला लागत नाही.

आणि हेही करून बघा: खोलीतले सगळे दिवे बंद करून रिमोट दाबा. काही स्वस्त दिवे आणि थेट खिडकीतून पडणारं ऊन डोळ्याला गोंधळात टाकतात. अंधारात पंखा ऐकला तर रिसिव्हर बदलू नका, दिवा बदला.

कप उघडून रिसिव्हर बघायचा असेल तर?

सगळ्यात महत्त्वाचं आधी. आपल्याकडे बऱ्याच घरांत इन्व्हर्टर असतो आणि पंखा त्याच्याच लाइनवर असतो. मेन पाडलं तरी इन्व्हर्टर पंख्याला वीज देतच राहतो. म्हणून मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा, मग पंख्याच्या तारांना टेस्टर लावा. जुन्या घरांत बोर्डावरचं बटण न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं, त्यामुळे नुसतं बटण बंद करून हात घालणं धोक्याचं.

दुसरी गोष्ट लोकांना ठाऊक नसते. या रिसिव्हरमध्ये पाच व्होल्टचा भाग असला तरी बहुतेक ठिकाणी तो लाइनपासून वेगळा केलेला नसतो. पाच व्होल्टची तारही शॉक देऊ शकते. बीएलडीसीच्या पट्टीवरच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्टचा साठा असतो आणि बंद केल्यावरही काही वेळ टिकतो. पाच मिनिटं थांबा, मीटरने बघा, मग हात लावा. चालू स्थितीत मोजायचं असेल तर वीज बंद असताना क्लिपा लावायच्या आणि हात मागे घेऊन मगच चालू करायचं. या दोन ओळी वाचून मन साशंक झालं असेल तर पंखा उतरवून दुकानात आणा, त्यात कमीपणा नाही.

उघडल्यावर आधी डोळ्याची तीन तारांची छोटी पिन बघा. पंख्याच्या थरथरण्याने ती ढिली होते. काढून पुन्हा घट्ट बसवली आणि पंखा ऐकू लागला, असं कितीतरी वेळा झालं आहे. डोळाच बदलायचा झाला तर ३८ किलोहर्ट्झचा घ्यायचा. काउंटरवर तो किरकोळ किमतीत मिळतो, पण तीन पायांचा क्रम प्रत्येक प्रकारात सारखा नसतो. एकात डावीकडून जमीन, वीज, आउटपुट असतं, दुसऱ्यात आउटपुट, जमीन, वीज. जुन्याच्या जागी डोळे मिटून नवा ठोकला तर तो गरम होऊन जातो.

सकाळी पंखा ऐकतो, संध्याकाळी ऐकत नाही. असं कसं?

हा माझा आवडता प्रश्न. खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एक आजी नातवाला घेऊन आल्या. घरातल्या जुन्या पंख्याला चार वर्षांपूर्वी रिमोटचा संच बसवला होता. दिवसा ठीक. दिवेलागणीनंतर बटण दाबलं की रिसिव्हर अर्धवट "टिक" करायचा आणि गप्प बसायचा. नातवाने तीनदा सेल बदलले होते आणि एक नवा रिमोटही आणला होता. आजींचं मत ठरलेलं होतं: "पंख्याला रातांधळेपणा झालाय वो."

खरं म्हणजे फार चुकीचं नव्हतं. मी गेलो तेव्हा बोर्डावर दुपारी २२५ व्होल्ट होते. संध्याकाळी साडेसात वाजता, सगळ्या गावात दिवे-टीव्ही-शेगड्या चालू झाल्यावर, १७० दाखवत होते. पंखा रिमोटचा रिसिव्हर वगळून डायरेक्ट जोडला तर छान फिरला, वेग तेवढा कमी. म्हणजे पंखा आणि त्याचा कंडेन्सर दोन्ही चांगले, दोष रिसिव्हरमध्ये.

असल्या स्वस्त रिसिव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. एक चौकोनी, चॉकलेटी किंवा पिवळा कंडेन्सर २३० व्होल्टमधून थोडाच करंट आत सोडतो आणि त्यावर चिप, डोळा, बीप सगळं चालतं. या कंडेन्सरवर १ मायक्रोफॅरड छापलेलं असेल तर २३० व्होल्टला तो साधारण ७० मिलिअँपिअर देतो. व्होल्टेज कमी झालं की करंट त्याच प्रमाणात कमी होतो, आणि कंडेन्सरचा आकडा घटला तरी तसंच.

कंडेन्सर काढून मोजला. छापील १, मोजलेला ०.३६. म्हणजे २३० ला २६ मिलिअँपिअर आणि १७० ला जेमतेम १९. पाच व्होल्टच्या जागी संध्याकाळी ३.४ व्होल्ट मिळत होते. चिप जागी व्हायची, बीप वाजवायला गेली की व्होल्टेज आणखी पडायचं आणि ती पुन्हा झोपी जायची. तो "टिक" म्हणजे अर्ध्यात मेलेली बीप होती.

आकडा का घटतो? कंडेन्सरच्या आत प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा अगदी पातळ थर असतो. लाइनवर झटका आला की तिथला थर जळून भोक पडतं, पण तेवढीच जागा बाद होते आणि कंडेन्सर चालत राहतो. प्रत्येक झटक्याला थोडं क्षेत्र कमी. वळवाच्या पावसात आपल्याकडे वीज कडाडते, करंट दहादा जातो-येतो, आणि चार वर्षांत एकाचा तिसरा हिस्सा उरतो. बाहेरून तो अगदी नवा दिसतो, फुगत नाही, जळत नाही. म्हणून मिस्त्रीही फसतो.

नवा टाकताना मात्र हात आखडता घेऊ नका. लाइनवर लावायचा, एक्स-टू छापलेला, २७५ व्होल्ट एसीचाच हवा. साधा ४०० व्होल्ट डीसीचा टाकला तर तो आज चालेल, पण बिघडताना शॉर्ट होऊ शकतो, आणि हा कंडेन्सर शॉर्ट होणं म्हणजे रिसिव्हरमध्ये आग. क्षमता छापील तेवढीच ठेवा. "मोठा टाकला तर जास्त ताकद" असं इथे नाही, जास्त करंटने पुढचा, व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा झेनर तापतो. आजींच्या पंख्याला नवा घातल्यावर त्याच संध्याकाळी, त्याच १७० वर, ४.९ व्होल्ट मिळाले आणि पंखा पहिल्या दाबाला सुरू झाला. नवा रिमोट तेवढा नातवाच्या अंगावर पडला.

पंख्याचा स्वतःचा कंडेन्सर, अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा, तो वेगळा. तो गेला तर पंखा रिमोट ऐकतो, पण संथ फिरतो किंवा हाताने ढकलल्यावर सुरू होतो. दोघांची गल्लत करू नका.

बोर्डावरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवला तर चालतो ना?

नाही. रिमोटच्या पंख्याला पूर्ण वीज हवी. रेग्युलेटर मध्ये असला आणि कोणी तो दोनवर आणून ठेवला, तर रिसिव्हरला तुटक वीज मिळते आणि तो कधी ऐकतो, कधी आपोआप बंद होतो. घरात लहान मूल असेल तर रेग्युलेटर फिरवलेला असण्याची शक्यता मी आधी तपासतो. कायमचा इलाज म्हणजे मिस्त्रीकडून रेग्युलेटर काढून तार डायरेक्ट करून घेणं.

इन्व्हर्टरवर असताना ऐकत नाही, लाइन आली की ऐकतो.

चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर वर सांगितलेल्या कंडेन्सरवाल्या रिसिव्हरला ती लहर पचत नाही. करंट वेगळ्या तऱ्हेने जातो, रिसिव्हर तापतो किंवा गोंधळतो. साइन लहरीच्या इन्व्हर्टरवर तोच पंखा चालतो. रिसिव्हर बदलून यात फरक पडत नाही. बीएलडीसी पंखे यात बरेच समजूतदार असतात, कारण ते आलेली वीज आधी डीसी करून घेतात.

एका रिमोटने दोन पंखे हलतात. किंवा नवा रिमोट आणला तो ओळखतच नाही.

पहिली गोष्ट बिघाड नाही. प्रकाशाच्या रिमोटमध्ये कंपनीचा कोड एकच असतो, त्यामुळे हॉलमधले दोन पंखे एकत्र ऐकतात. एकाचा बोर्ड बंद ठेवून दुसरा लावा. दुसरी गोष्ट बहुधा रेडिओ रिमोटची आहे. त्याला पंख्याशी ओळख करून द्यावी लागते: बोर्डावरून पंखा बंद करून चालू करायचा आणि काही सेकंदांच्या आत ठरलेलं बटण बीप येईपर्यंत दाबून धरायचं. कुठलं बटण, किती सेकंद, हे प्रत्येकाच्या माहितीपत्रकात वेगळं असतं. ओळख करून देताना दुसरे पंखे बोर्डावरून बंद ठेवा, नाहीतर तेही तोच रिमोट शिकून बसतील.

पूर्ण रिसिव्हर बदलायचा असेल तर काय बघून घ्यायचं?

बाहेरून बसवलेल्या संचात प्रश्न सोपा. नव्या संचावर लिहिलेला वॅटचा आकडा पंख्यापेक्षा जास्त हवा आणि रिसिव्हर-रिमोट एकाच पाकिटातले हवेत. जुन्याच्या तारा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या.

बीएलडीसी पंख्यात मात्र डोळा, वीज देणारा भाग आणि मोटर फिरवणारा भाग बहुतेक एकाच पट्टीवर असतात आणि ती पट्टी त्याच मोटरसाठी बनवलेली असते. दुसऱ्या मॉडेलची बसली तरी मोटर कुंथते किंवा उलटी फिरते. म्हणून पंख्याच्या अंगावरचा मॉडेल क्रमांक लिहून आणा, नुसतं "पांढरा पंखा, तीन पात्यांचा" सांगू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर एकही स्क्रू उघडू नका, आधी कार्ड बघा. निपाणीची बरीच मंडळी पंखा कोल्हापुरातून घेतात आणि बिल तिकडच्या दुकानाचं असतं. कंपनीच्या माणसाला बोलावताना ते बिल लागतं, पंखा चिकोडीत टांगलेला असला तरी.